मेन खातं कोणतं?

मेट्रनबाईंनी दुधाचं बिल महिन्याला एकदम देणं सोडून रोजच्या रोज पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा डेअरीवाला धास्तावलाच. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक! हिशेबात काही चुकलं, दुधात काही निघालं, की कुणी बाईंचे कान भरले? चार दिवस त्याने कळ काढली आणि मग न राहवून विचारलंच.

"बाई, काही चुकलंमाकलं असेल तर तोंडावर सांगा. पण हे रोज मोबाईल काढायचा, चष्मा शोधायचा, स्कॅन करायचं, पिन दाबायचा... कशाला एवढा ताप? महिन्याचं एकदम द्या की पूर्वीसारखं."

"का? तुझ्या त्या डब्याचा घसा बसतो का ओरडून?"

गल्ल्याशेजारी पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारा स्पीकर होता, त्याच्याविषयी हे बोलणं होतं. डेअरीवाल्याने मुकाट्याने पिशवी पुढे केली. मेट्रनबाईंसमोर भलेभले गप्प बसत. हॉस्पिटलातून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण बाईंचं नाव कुणाला आठवत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी मेट्रनबाईच. त्यांच्या चपलेचा आवाज आला की अख्खा वॉर्ड पांघरुणं नीट करून झोपल्याचं सोंग घ्यायचा, असं म्हणतात. आता वॉर्ड राहिला नाही, पण सुंभ जळाला तरी पीळ कुठे जातो?

खरं कारण त्यांनी डेअरीवाल्याला सांगितलं असतं तरी त्याला ते पटलं नसतं. अर्धा लिटर दुधाचे पैसे बाई त्याला देत होत्या, पण ते पोचायचे होते दुसरीकडेच. बसने दोन तासांवर असलेल्या त्यांच्या लेकीकडे.

लेकीला सगळे बेबी म्हणत. चाळिशी ओलांडलेली, चष्मा लागलेली, ऑफिसात दहा माणसांना कामाला लावणारी बाई, पण नाव बेबी. एकुलती एक. आणि स्वभावाचं म्हणाल तर जशी खाण तशी माती.

भांडण झालं ते एका निळ्या डागावरून. बाई बाथरूममध्ये घसरल्या होत्या. मनगट मुरगळलं, कमरेला मार लागला. त्यांनी आपणच आपल्याला पट्टी बांधली, गोळी घेतली आणि कुणाला चकार शब्द सांगितला नाही. पुढे बेबी रविवारी आली तेव्हा तिला कपबशी देताना बाईंची बाही वर सरकली आणि डाग दिसला. मग काय विचारता!

"कधी पडलीस? आणि मला सांगितलं नाहीस? बास झालं आता. सामान भर, माझ्याकडे चल राहायला."

"मी काय ट्रंक आहे का, उचलली आणि ठेवली?"

"आई, उद्या अशीच पडून राहिलीस तर मला कळणार कसं?"

आणि तेव्हा मेट्रनबाई ते बोलून गेल्या. हॉस्पिटलात आयुष्य काढलेल्या माणसाची जीभ ती. मरणाची थट्टा करायची तिला सवयच लागलेली असते.

"कळेल की. वास सुटला की शेजारी कळवतील."

बेबीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पर्स उचलली. दारात उभी राहून म्हणाली, "ठीक आहे. तू फोन करू नकोस, मीही करणार नाही. तुला नाही ना गरज? मला तरी कशाला असेल?" आणि गेली. चहा तसाच राहिला.

त्या एका वाक्यासाठी बाईंनी नंतर स्वतःला किती शिव्या घातल्या, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. फोन हातात घ्यायच्या, बेबीच्या नावापर्यंत बोट न्यायच्या आणि परत ठेवायच्या. काय म्हणायचं? चुकलं? हा शब्द बाईंच्या तोंडातून डॉक्टरांनासुद्धा कधी ऐकायला मिळाला नव्हता. तिकडे लेकही हट्टी. आठवडे गेले, फोन नाही.

मग एका सकाळी डेअरीवर उभं असताना बाईंना एक गोष्ट आठवली.

नवरा गेल्यानंतर बाईंनी आणि बेबीने मिळून एक जोडखातं उघडलं होतं. दोघींपैकी कुणीही पैसे काढावेत, असं. बेबी म्हणाली होती, "घरखर्च या खात्यातून कर, पेन्शन तिकडे साठू दे." बाईंच्या मोबाईलवर पैसे देण्याचं अ‍ॅप तिनेच बसवून दिलं. पेन्शनचं आणि जोडखातं, दोन्ही त्यात घातली, आणि पैसे देताना जोडखातंच आधी समोर येईल अशी सोय केली. त्या खात्यातून रुपया जरी गेला तरी बँकेचा मेसेज बेबीच्या मोबाईलवर जाई. भांडणाआधी ती त्यावरून चिडवायचीसुद्धा. "काय गं, आज दोनदा अंडी? कोण आलं होतं?" बाई म्हणायच्या, "तुला पोलिसात घेतलंय का?" आणि दोघी हसायच्या.

त्या सकाळी बाईंनी अर्धा लिटर दूध घेतलं, स्कॅन केलं, पिन दाबला. डबा ओरडला. आणि बाई मनातल्या मनात लेकीला म्हणाल्या, 'घे बाई. आहे तुझी आई. चालतेफिरते, दूध आणते, वास सुटलेला नाही.'

तेव्हापासून हा नेमच झाला. दूध संपलेलं असो नसो, पाहुणे असोत नसोत, रोज सकाळी बाई डेअरीवर हजर. मीपणा सोडावा लागत नव्हता आणि लेकीचा जीवही टांगणीला लागत नव्हता. आपली खबर तिकडे रोज पोचते, एवढ्यावर बाई दिवस काढत होत्या. तिची खबर मात्र इकडे कोण देणार? ती जेवते का, झोपते का, पित्त उसळतंय का अजून? रात्री कूस बदलताना हे प्रश्न छळायचे, आणि सकाळी त्यांना एकच उत्तर असायचं, अर्धा लिटर दूध.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बाईंचा मोबाईल बादलीत पडला. चादरी भिजवलेली बादली, साबणाचं पाणी. तांदळात पुरून ठेवा, उन्हात ठेवा, सगळं करून झालं. मोबाईल गेला तो गेलाच.

बाईंना घाम फुटला. मोबाईलचं दुःख नव्हतं त्यांना. उद्या सकाळचं काय? डेअरीवाला रोख घेईल, पण रोखीचा मेसेज लेकीला कसा जाणार? दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच त्या मोबाईलवाल्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. तो शटर वर करतो न करतो तोच म्हणाल्या, "एक फोन दे. स्वस्तातला. आणि पैसे द्यायचं ते अ‍ॅप आत्ताच्या आत्ता चालू झालं पाहिजे."

मोबाईलवाला केस पिकलेला, शांत माणूस होता. त्याने जुन्या फोनमधलं सिम पुसून नव्यात घातलं, अ‍ॅप उतरवलं. "ताई, तुमच्या नंबरवरून आपोआप एक मेसेज जाईल. नंबर तुमचाच आहे, याची खात्री करून घेतात ते." मेसेज गेला, खूण पटली, आणि त्या नंबरशी जोडलेली दोन्ही खाती पडद्यावर एकाखाली एक दिसली.

"यातलं मेन कोणतं ठेवू?"

आता हा प्रश्न नीट बघा, कारण सगळं रामायण इथेच घडलं. मोबाईलवाला विचारत होता, पैसे देताना कोणतं खातं आपोआप पुढे यायला हवं. बाईंनी ऐकलं, तुमचं मुख्य खातं कोणतं. आणि पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला मुख्य खातं कोणतं वाटणार? जिथे कष्टाचे पैसे येतात तेच! ताठ मानेने म्हणाल्या,

"पेन्शन येते ते."

त्याने बोट टेकवलं. "झालं. पिन तुमचा जुनाच चालेल. मला सांगू नका."

"मी कशाला सांगेन तुला?" बाई म्हणाल्या.

जाता जाता त्यांनी नवा फोन पिशवीत टाकला, परत काढला, बाजूची बटणं दाबून बघितली आणि पुन्हा टाकला. मग तडक डेअरी गाठली. स्कॅन केलं. अ‍ॅपच्या तळाशी बारीक अक्षरात कुठल्या खात्यातून पैसे जाणार ते लिहिलेलं असतं, पण ती अक्षरं वाचायला माणसाच्या मनात शंका असावी लागते. बाईंच्या मनात कुठली शंका? त्यांनी पिन दाबला. डबा ओरडला. आणि बाईंचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतरही बाई रोज वेळेवर हजर. एक दिवस तर अंगात कसकस होती, तरी गेल्या. डेअरीवाला म्हणाला, "आज नसत्या आलात तर मी घरपोच पाठवलं असतं." बाई म्हणाल्या, "गप रे. मला यायलाच लागतं."

आणि मग ती सकाळ उजाडली. बाईंनी दुधाची पिशवी घेतली, अंडी घेतली, फोन काढला, स्कॅन केलं. डबा ओरडला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"आई!"

बाई वळल्या. रस्त्याच्या मधोमध बेबी उभी होती. केस विस्कटलेले, ओढणी एका खांद्यावरून लोंबतेय, पायांत घरातल्या स्लिपर. ऑफिसची बॅग नाही, काही नाही. बाईंच्या हातातली पिशवी गळायचीच बाकी होती. लेक आली, या आनंदाच्या आधी त्यांच्या मनात आलं ते असं, की हिच्याकडे काहीतरी अघटित झालं आहे.

"काय गं? काय झालं? बरी आहेस ना?"

"मी? मी बरी आहे ना?" बेबी ओरडली. "तू मला विचारतेस? घराला कुलूप! फोन उचलत नाहीस! समोरच्या वहिनी गावाला गेलेल्या! मला वाटलं... मला काय काय वाटलं तुला माहितीये का?"

आणि भर रस्त्यात, डेअरीवरच्या चार गिऱ्हाइकांसमोर, ही चाळिशी ओलांडलेली बाई आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागली. बाई एका हातात दूध, एका हातात अंडी धरून तशाच उभ्या. डेअरीवाल्याने हळूच अंडी काढून घेतली, म्हणून ती वाचली.

"अगं पण मी ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "रोज कळवतेय की तुला."

"कधी कळवलंस?"

"रोज! रोज सकाळी इथे पैसे देते मी. कशासाठी देते? मेसेज जातो ना तुला?"

बेबी एकदम बाजूला झाली. तिने डोळे पुसले आणि आईकडे बघतच राहिली. "म्हणजे तू ते... मुद्दाम करत होतीस?"

बाईंनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तोंडून निसटायचं ते निसटून गेलं होतं.

"मला वाटायचं, तुझं तुझं चाललंय," बेबी म्हणाली. "मी आपली चोरून बघत बसायचे. सकाळी मेसेज आला की हायसं वाटायचं. दूध आणलं म्हणजे चालली आहे, चालली आहे म्हणजे बरी आहे. मग परवा आला नाही. काल आला नाही. परवाच्या आदल्या दिवशीही नाही."

"असं कसं होईल? ए," बाई डेअरीवाल्यावर उखडल्या, "मी रोज पैसे दिले की नाही? सांग हिला!"

"दिले की. एक दिवस चुकवला नाही," डेअरीवाला म्हणाला. त्याने आपला मोबाईल पुढे केला. "हे बघा, काल आले, परवा आले, बाईंचं नाव आहे. आत्ताचेही आले."

"मग माझ्या मोबाईलवर का नाही आलं काही?"

"ते मला काय माहीत? मला कुणी दिले ते कळतं. देणाऱ्याने कुठल्या खात्यातून दिले, ते मला थोडंच दिसतं? ते ज्याचं त्याच्या मोबाईलमध्ये बघायचं."

बेबीने आईचा हात धरून तिला बाकावर बसवलं. "दाखव बघू फोन. आणि हा कुठला? हा तुझा नाहीच!"

"जुना बुडाला. बादलीत."

"बुडाला?" बेबीच्या कपाळावरची शीर हलली. तिने अ‍ॅप उघडलं आणि दिलेल्या पैशांची यादी काढली. सगळ्यात वरती आत्ताचं दूध आणि अंडी. त्यावर बोट टेकवलं तशी त्या व्यवहाराची सगळी माहिती उघडली. कुणाला दिले, किती दिले, आणि खाली, कुठून गेले. तिथे बँकेचं नाव होतं आणि खात्याचे शेवटचे चार आकडे. बेबीने ते वाचले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आई, हे पेन्शनचं खातं आहे."

"काहीतरीच काय!"

"हे बघ ना. जोडखात्याचे शेवटचे आकडे वेगळे आहेत, बँकसुद्धा वेगळी." तिने कालचा व्यवहार उघडला, परवाचा उघडला. तीच बँक, तेच आकडे. "नव्या फोनमध्ये कुणी मेन केलं हे?"

"मीच सांगितलं. त्याने विचारलं, मुख्य कोणतं. मुख्य ते मुख्यच ना? पेन्शनचं! तुझं नि माझं ते घरखर्चाचं."

"अगं बाई, इथे मेन म्हणजे मानाचं नव्हे. पैसे देताना जे आपोआप पुढे येतं ते मेन. तुला कुणी पैसे पाठवले तर तेही त्यातच जमा होणार. खातं बदललं की पैसे तिथून जाणार, आणि तिथून गेले की मेसेज फक्त तुला येणार. त्या खात्यावर माझं नावच नाही." मग ती थबकली. "पण थांब. प्रत्येक खात्याचा पिन वेगळा असतो. जोडखात्याचा पिन तू दाबलास तर पेन्शनच्या खात्यातून पैसे जातीलच कसे? चुकीचा म्हणून लगेच अडायला पाहिजे होतं."

बाई रस्त्यापलीकडच्या झाडाकडे बघायला लागल्या.

"आई. दोन्हीला एकच पिन ठेवलास?"

"दोन दोन कोण लक्षात ठेवणार?"

डेअरीवाल्याला हसू आवरेना. "बघा बेबीताई, वॉर्डातल्या पन्नास पेशंटांची औषधं तोंडपाठ असायची आणि दोन पिन जमत नाहीत!"

"तू दूध मोज," बाई म्हणाल्या, पण आवाजात दम नव्हता. आपण रोज, तापातसुद्धा, उठून आलो, खबर देतोय म्हणून समाधानाने घरी गेलो, आणि तिकडे लेक कोऱ्या मोबाईलकडे बघत बसली होती. आपण हाक देत होतो, ती भलत्याच घराला जात होती. लेकीच्या पायांतल्या त्या स्लिपर बघून त्यांना भडभडून आलं.

"चल घरी," त्या म्हणाल्या. "चहा घे. मागच्या वेळी घेतला नाहीस."

घरी आल्यावर बेबीने आधी सगळीकडे एक चक्कर मारली, बाथरूममध्ये डोकावली, आणि मग टेबलाशी बसली. चहा उकळेपर्यंत तिने आईला समोर बसवून सगळं दाखवलं. "हे बघ. इथे तुझं नाव, त्यात बँकखाती. दोन्ही आहेत, कुठलंच हरवलेलं नाही. हे जोडखातं. यावर बोट टेकव. आता हे मेन कर. तूच कर, मी नाही करणार."

बाईंनी चष्मा सावरून बोट टेकवलं. जोडखात्यापुढे खूण आली.

"आणि तरीसुद्धा पिन दाबायच्या आधी खाली बघायचं, कुठून जातायत ते. दरवेळी. आणि पेन्शनच्या खात्याचा पिन आजच बदलायचा."

"बरं."

मेट्रनबाई "बरं" म्हणाल्या! बेबीने मान वर करून पाहिलं.

"पण तू फोन का नाही केलास?" बाईंनी हळूच विचारलं. "पहिल्याच दिवशी करायचास."

"कसला फोन! पहिल्या दिवशी वाटलं, दूध शिल्लक असेल. दुसऱ्या दिवशी हातात घेतला आणि परत ठेवला. मी आधी का म्हणून." बेबीने खाली मान घातली. "लाज वाटते सांगायला. काल शेवटी केला. आज पहाटेपासून तर किती केले. तू उचलतच नाहीस."

"वाजलाच नाही."

बेबीने फोन उलटा करून पाहिला. आवाज बंद. बाजूच्या बटणाशी कुणाची बोटं खेळली होती, ते बाईंना बरोबर माहीत होतं, म्हणून त्या उठून चहा गाळायला गेल्या. बेबीने आवाज चालू केला. न उचललेल्या फोनांची रांगच लागली होती, सगळ्या ओळींवर एकच नाव.

"आणि हे मेसेज? आई, हे सगळे न उघडलेले का?"

"तूच म्हणाली होतीस, मेसेज उघडू नकोस, लोक फसवतात."

"मी म्हणाले होते अनोळखी मेसेजमधल्या लिंक दाबू नकोस! बँकेचा मेसेज वाचायचा नाही, असं कधी म्हणाले? हे वाचले असतेस तर पहिल्याच दिवशी कळलं असतं पैसे कुठून गेले ते! काखेत कळसा नि गावाला वळसा!"

"तू म्हणालीस उघडू नको, मी नाही उघडले. ऐकलं तरी बोलणी, नाही ऐकलं तरी बोलणी." बाईंनी कप लेकीपुढे ठेवला आणि तिच्या हातातून फोन घेतला. "आता बघू दे मला, काय आहे त्यात."

"राहू दे आई."

लेक इतक्या घाईने म्हणाली की बाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. आयुष्यभर पेशंट "काही होत नाही" म्हणाला की त्या आधी ताप बघायच्या.

पेन्शनच्या बँकेचे मेसेज होते, दूध, दूध, दूध आणि अंडी. त्यांच्या मध्येमध्ये दुसऱ्या बँकेचे मेसेज होते. जोडखात्याचे. फोन घेतला त्या दिवशी संध्याकाळी खात्यातून चहाचे पैसे गेले होते, कुठल्याशा टपरीला. हे काय? बाईंनी तर तिथून काहीच खर्च केला नव्हता.

"हे कोणी काढले? चोरी झाली की काय?"

"चोरी कसली. माझ्या ऑफिसखालचा चहावाला आहे." बेबी कपाकडे बघत बोलत होती. "खातं दोघींचं आहे ना. तिथून गेले की तुलाही मेसेज जातो. भांडण झाल्यापासून मी रोज संध्याकाळचा चहा त्याच खात्यातून घेते. म्हटलं, आई बघेल. कळेल तिला, मी ऑफिसात आहे, चहा घेतलाय, ठीक आहे."

आपली पोर कशी आहे, या विचाराने बाई रोज रात्री कूस बदलत होत्या आणि उत्तर उशाशी पडलेलं होतं. रोज. त्या जुन्या फोनमध्येही किती आले असतील, ते बादलीत बुडाले. त्यांनी खालचे मेसेज वाचायला सुरुवात केली. कालचे. तोच चहावाला, पण आता चहाचे पैसे नव्हते. एक रुपया. त्याखाली एक रुपया. पुन्हा एक रुपया. संध्याकाळपासूनचे. बोटाने सरकवत गेल्या तरी संपेनात. एक रुपया, एक रुपया, एक रुपया.

"बेबी, हे एकेक रुपया काय आहेत गं?"

बेबीने कप खाली ठेवला. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"ही बँक एका रुपयालाही मेसेज पाठवते. मला वाटलं, एखादा तरी बघशील." मग जरा थांबून म्हणाली, "तुला हाका मारत होते."

मेट्रनबाई उठल्या. टेबलाला वळसा घालून लेकीच्या मागे गेल्या, ते विस्कटलेलं डोकं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि तिच्या केसांत तोंड घालून म्हणाल्या,

"ओ."